शीव आणि सरहद्द

तेजपूरहून तवांगकडे निघालेली गाडी भालुकपोंगच्या फाटकापाशी थांबते आणि अरुणाचलबाहेरच्या प्रत्येक भारतीयाला ‘इनर लाइन परमिट’ दाखवावं लागतं. महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना तो एक सरकारी सोपस्कार वाटतो. पहिल्या खेपेला मलाही तसंच वाटलं होतं. पुढे जुनी कागदपत्रं वाचताना कळलं, की या फाटकावर आपण एक वेगळीच सीमा ओलांडतो. ती ना राज्याची होती, ना देशाची. १८७३ साली इंग्रजांनी आसामच्या डोंगरपायथ्याशी एक रेषा आखली आणि आपल्याच प्रजेला बजावलं, की परवान्याशिवाय हिच्यापलीकडे जायचं नाही. चहाचे मळेवाले जमिनीसाठी, तर व्यापारी रबरासाठी डोंगरात घुसत होते. तिथल्या लोकांशी त्यातून तंटे होत आणि प्रत्येक तंट्यापायी फौज पाठवणं सरकारला परवडत नव्हतं. म्हणून ही रेषा आली. तिच्यापलीकडचा मुलूख आपला नाही, असं सरकार म्हणत नव्हतं. तिथे आपण कारभार करणार नाही, एवढंच ते सांगत होतं. दुसऱ्या कुणाला तो करू द्यायचीही त्याची तयारी नव्हती.

कारभार संपतो ती एक रेषा, हक्क संपतो ती दुसरी आणि धाक संपतो ती तिसरी. हिमालयाच्या या बाजूला या तिन्ही कधीच एका जागी नव्हत्या. त्या एका जागी आणायचा प्रयत्न झाला तेव्हा काय घडलं, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

आधी शब्दांचा उलगडा करायला हवा. मराठीत सीमा, हद्द, शीव, वेस, सरहद्द असे कितीतरी शब्द आहेत. वर्तमानपत्रांत मात्र ‘सीमा’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो आणि त्यात एक महत्त्वाचा फरक पुसला जातो. शीव म्हणजे जिथे एक गाव संपून दुसरं सुरू होतं ती जागा. तिथे दगड असतो, बांध असतो, एखादं जुनं झाड असतं. लग्नात वरपक्षाचं स्वागत शिवेवर करायचं म्हणून त्या विधीला सीमांतपूजन म्हणतात. यजमानाचा मान आणि जबाबदारी नेमकी कुठून सुरू होते, हे दोन्ही घरांना ठाऊक असतं, म्हणूनच ते शक्य होतं. शिवेला लांबी असते, रुंदी नसते. दुसऱ्या प्रकाराला रुंदी असते. तो एक पट्टा असतो, कधी दहा कोसांचा, कधी शंभर. त्यात लोक राहतात, गुरं चारतात, दोन्हीकडच्या बाजारात जातात, कधी दोन्हीकडे कर भरतात आणि कधी कुणालाच भरत नाहीत. या पुस्तकात रेषेला मी शीव म्हटलं आहे आणि पट्ट्याला सरहद्द. व्यवहारात हे शब्द इतके काटेकोर वापरले जात नाहीत, याची मला जाणीव आहे. पण दोन वेगळ्या गोष्टींना दोन नावं दिल्याशिवाय पुढचं बोलणं अवघड आहे.

सरहद्दीचे व्यवहार कसे चालत, याची दोन उदाहरणं देतो. आसामचे आहोम राजे डोंगरातल्या काही जमातींना ‘पोसा’ देत. त्या जमातींचे लोक ठरल्या वेळी मैदानात उतरून ठरलेल्या गावांतून धान्य, कापड, मीठ घेऊन जात. त्याला खंडणी म्हणावं, दान म्हणावं, की शांततेची किंमत, हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरे. इंग्रजांनी पुढे तो रोख रकमेत द्यायला सुरुवात केली. दुसरं उदाहरण त्सारीच्या यात्रेचं. आजच्या अरुणाचलच्या उत्तर सीमेजवळ तिबेटी बौद्धांचा एक पवित्र पर्वत आहे. दर बारा वर्षांनी माकडाच्या वर्षी त्याची मोठी प्रदक्षिणा निघे आणि तिची वाट खाली उतरून जमातींच्या जंगलातून जाई. हजारो यात्रेकरूंना सुखरूप जाऊ द्यावं म्हणून ल्हासाचं सरकार त्या जमातींना आधी बोलावून याक, तलवारी, कापड देई आणि शपथ घ्यायला लावी. म्हणजे जंगल तिबेटच्या ताब्यात नव्हतं, पण यात्रेच्या वर्षी ठरावीक दिवस तिथली वाट तिबेटची असे. नकाशावर हे कसं दाखवणार? ती यात्रा शेवटची निघाली १९५६ साली.

आता बफर राज्याकडे येतो. रेल्वेच्या डब्यांना दोन्ही टोकांना धक्का झेलणारे बफर असतात, तिथूनच हा शब्द आला. दोन बलाढ्य सत्ता एकमेकींना भिडू नयेत म्हणून मधे ठेवलेलं, किंवा राहू दिलेलं, राज्य. हे वर्णन वाचून वाटतं, की मधलं राज्य म्हणजे एक निर्जीव उशी. तसं नसतं. बफर टिकण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. मधल्या राज्याला स्वतःचा कारभार चालवता आला पाहिजे. दोन्ही बाजूंच्या सत्तांना ते मधे असण्यात फायदा वाटला पाहिजे. आणि एकीने करार मोडला, तर तिला अडवण्याची ताकद दुसरीत पाहिजे. यांतली एक अट सुटली, तरी बाकीच्या दोन फार दिवस टिकत नाहीत.

लॉर्ड कर्झन हा या विचाराचा सर्वांत स्पष्ट बोलणारा माणूस. व्हाइसरॉयपद सोडल्यानंतर १९०७ साली त्याने ऑक्सफर्डमध्ये सरहद्दी याच विषयावर व्याख्यान दिलं. साम्राज्याच्या वायव्य सरहद्दीचे तीन पदर त्यात त्याने सांगितले. आधी प्रत्यक्ष कारभाराची हद्द, तिच्यापुढे ड्युरँड रेषेपर्यंत संरक्षणाचा पट्टा आणि त्याच्यापुढे अफगाणिस्तान. ईशान्येला असेच पदर होते. आतली रेषा, मग जमातींचे डोंगर आणि त्यांच्यामागे तिबेट. तिबेटवर रशियाचा हात पडेल या भीतीने कर्झनने १९०३-०४ मध्ये यंगहजबंडची मोहीम ल्हासापर्यंत नेली. लंडनने मात्र लगेच पाऊल मागे घेतलं. १९०७ च्या करारात इंग्लंड आणि रशिया या दोघांनीही तिबेटवरचं चीनचं अधिराज्य मान्य केलं आणि तिबेटशी बोलायचं ते चीनमार्फतच, असं ठरवलं. रशियाला बाहेर ठेवायला ही युक्ती सोयीची होती, कारण तेव्हाचा चीन दुबळा होता. बफरच्या घराची किल्ली त्यांनी अशा शेजाऱ्याकडे दिली, जो त्या वेळी अंथरुणाला खिळला होता. तो उठून बसला तर काय, याचा विचार कुणी केला नाही.

तो उठून बसायला तीन वर्षंही लागली नाहीत. झाओ अर्फंग या चिनी अधिकाऱ्याने पूर्व तिबेट कठोरपणे ताब्यात घेतला. १९१० साली चिनी फौज ल्हासात शिरली आणि तेरावे दलाई लामा भारतात आश्रयाला आले. त्याच सुमारास लोहितच्या खोऱ्यात रिमापर्यंत चिनी आले. आसामच्या चहामळ्यांच्या डोक्यावरचे डोंगर कुणाचे, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा निकडीचा झाला. १९११ च्या क्रांतीने चीनची सत्ता कोसळली, तिबेटने चिनी सैन्य बाहेर काढलं आणि इंग्रजांना मधल्या काळात रेषा आखून घ्यायची संधी मिळाली.

सिमल्याची परिषद ऑक्टोबर १९१३ मध्ये सुरू झाली. हेन्री मॅकमोहन इंग्रजांचा, लोन्चेन शात्रा तिबेटचा आणि इव्हान चेन चीनचा प्रतिनिधी. भारत-तिबेट रेषा तिघांच्या बैठकीत ठरली नाही. ती मॅकमोहन आणि शात्रा यांनी मार्च १९१४ मध्ये पत्रांच्या देवाणघेवाणीने पक्की केली. चेनने एप्रिलमध्ये मसुद्यावर आद्याक्षरं केली, पण त्याच्या सरकारने दोनच दिवसांत ती नाकारली. चीनचा तेव्हाचा मोठा आक्षेप होता आतला आणि बाहेरचा तिबेट यांच्यामधल्या रेषेला. पुढे त्याने भूमिका घेतली, की तिबेटला करार करण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून मॅकमोहन रेषाही बेकायदा. कायद्याच्या अंगाने या वादाचा विचार एका स्वतंत्र प्रकरणात केला आहे. इथे मला त्या पत्रांतल्या एका वाक्याकडे लक्ष वेधायचं आहे. त्सो कार्पो आणि त्सारी सार्पा ही पवित्र स्थळं रेषेपासून इंग्रजांच्या बाजूला एका दिवसाच्या चालीच्या आत निघाली, तर ती तिबेटकडे जातील आणि रेषा त्यानुसार बदलली जाईल, असं तिथे मान्य केलेलं आहे. एका दिवसाची चाल! शीव आखणाऱ्या दस्तऐवजात मोजमाप मात्र सरहद्दीचं आहे. तो करणाऱ्या दोघांनाही ठाऊक होतं, की आपण जी रेघ मारतो आहोत ती एका पट्ट्यावरून जाते आहे.

ती रेघ ज्या नकाशावर मारली त्याचं प्रमाण होतं एका इंचाला आठ मैल. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर होतो. लाल शाईच्या जाड रेघेखाली अख्खी वाडी आणि तिची कुरणं झाकली जातील. तत्त्व असं, की रेघ उंच कण्यावरून, शक्यतो पाणलोटावरून जावी. सह्याद्रीत हे तत्त्व चटकन समजतं. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचा एक भाग कोकणात उतरतो, दुसरा देशावर जातो आणि माथा हीच शीव ठरते. पूर्व हिमालयात तसं नाही. सियांग, सुबनसिरी, लोहित या नद्या कण्याच्या पलीकडे उगम पावतात आणि कणा चिरून दक्षिणेला येतात. अशा ठिकाणी पाणलोट सलग नसतो. बेली आणि मोर्शेड या दोघा अधिकाऱ्यांनी १९१३ साली पायी फिरून जेवढं मोजलं, तेवढ्यावर नकाशाची मदार होती. मधल्या कित्येक खोऱ्यांत कुणी गेलंच नव्हतं.

रेषा आखली आणि तशीच कागदावर राहिली. तिबेटचे अधिकारी तवांगला पूर्वीप्रमाणे कर गोळा करत राहिले. कराराचा मजकूर अधिकृत संग्रहात छापायलाही इंग्रजांनी १९३८ पर्यंत वेळ लावला आणि तेव्हा त्या खंडावर १९२९ हे जुनंच वर्ष कायम ठेवलं. या लपवाछपवीची किंमत पुढे भारताला मोजावी लागली. पण तेव्हा रेषेवर कुणी उभं नव्हतं, याचं त्या वेळी कुणाला वाईट वाटत नव्हतं, कारण मागे तिबेट होता. बफर शाबूत असताना शिवेवर पहारा लागत नाही.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्याने चामडो घेतलं आणि ही स्थिती बदलली. ७ नोव्हेंबरच्या पत्रात सरदार पटेलांनी नेहरूंना लिहिलं, की भारताला आता प्रथमच एकाच वेळी दोन आघाड्यांवर संरक्षणाचा विचार करावा लागेल. नेहरूंनी त्याच महिन्यात संसदेत सांगितलं, की मॅकमोहन रेषा हीच आपली सीमा आहे. पुढच्या फेब्रुवारीत मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सचे जवान घेऊन तवांगला पोचले आणि तिथे भारताचा कारभार सुरू झाला. हे पाऊल अतिशय योग्य वेळी पडलं, असं माझं ठाम मत आहे. १९५४ च्या करारात मात्र भारताने यातुंग आणि ग्यांत्सेमधल्या लष्करी तुकड्या मागे घेतल्या, तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचं मान्य केलं आणि बदल्यात सीमेचा साधा उल्लेखही मिळवला नाही. बफरची तिसरी अट, म्हणजे करार मोडणाऱ्याला अडवण्याची ताकद, भारताकडे नव्हती. ती नसताना तुकड्या ठेवून फार काही साधलं नसतं, हे मला पटतं. पण त्या सोडताना सीमेबद्दल लेखी काही घ्यायला हवं होतं.

इथून पुढची गोष्ट शिवेची आहे. १९५९ च्या ऑगस्टमध्ये पूर्वेकडची पहिली चकमक झाली ती लोंगजूला. हे त्सारीच्या यात्रेच्या वाटेजवळचं गाव. शेजारचं मिग्यितुन गाव तिबेटकडे ठेवायला रेषा जिथे वाकवली, नेमकं तिथेच दोन्ही देशांचं दुमत निघालं.

या काळात पूर्व विभागाचे सेनापती होते कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी वर पाठवलेली योजना मला या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा कागद वाटते. मॅकमोहन रेषा कुठून जाते, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. चीनची फौज किती दिवसांत कुठे पोचेल आणि आपली शिधा-दारूगोळा घेऊन कुठवर जाऊ शकेल, हे त्यांनी मोजलं. उत्तरेला तिबेटचं पठार उंच पण बरंचसं सपाट आहे, त्यावरून रस्ते थेट खिंडीच्या तोंडाशी येतात. दक्षिणेला ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून निघालं, की दाट जंगल, दरडी आणि एकापाठोपाठ एक चढ लागतात. सेला ही एकच खिंड १३,७०० फुटांवर. म्हणून थोरातांनी सुचवलं, की रेषेजवळ फक्त इशारा देणाऱ्या चौक्या ठेवाव्यात. खरी लढाई मागे, बोमडिला, झिरो, दापोरिजो अशा ठिकाणांच्या ओळीवर द्यावी. शत्रू तिथवर येईपर्यंत त्याची रसद ताणली जाईल आणि आपली आखडेल. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाच्या सरावात त्यांनी हे सगळं पटावर मांडून दाखवलं. दिल्लीने ते मनावर घेतलं नाही. इंचभरही जमीन सोडायची नाही, ही भाषा तेव्हा संसदेत आणि वर्तमानपत्रांत इतकी चढली होती, की ‘मागे’ हा शब्दच उच्चारणं अवघड झालं होतं.

मग आलं ढोला. भूतान, तिबेट आणि भारत मिळतात त्या कोपऱ्यात, तवांगच्या पश्चिमेला, नामका चू नावाचा एक ओढा वाहतो. ‘चू’ म्हणजे पाणी, नदी, आणि ‘ला’ म्हणजे खिंड. ओढ्याच्या उत्तरेला थागलाची धार आहे, दक्षिणेला हाथुंगलाची. सिमल्याच्या नकाशावरची रेघ थागलाच्या दक्षिणेने जाते. जमिनीवरचा उंच कणा मात्र थागला हाच आहे. दोन्हींत तीन-चार मैलांचं अंतर पडतं, म्हणजे कागदावर साधारण अर्धा इंच. हा रेघेच्या जाडीचा दोष म्हणता येणार नाही. नकाशा करणाऱ्यांना ती धार कुठे आहे हेच नेमकं माहीत नव्हतं. भारताचं म्हणणं असं, की तत्त्व पाणलोटाचं आहे, तेव्हा रेषा थागलावर. चीनचं म्हणणं असं, की मॅकमोहन रेषा आम्हाला मान्य नाहीच, आणि तुमच्याच नकाशावर पाहिलं तरी ढोला तिच्या उत्तरेला आहे. दोन्ही बाजूंकडे धरायला काहीतरी होतं. शीव सरहद्दीवर टेकवली, की अशा जागा निघतातच.

जून १९६२ मध्ये भारताने नामका चूच्या दक्षिण काठावर ढोला ही चौकी बसवली. ८ सप्टेंबरला चिनी थागला उतरून तिच्यासमोर आले. चिन्यांना धारेपलीकडे हटवा, असा हुकूम दिल्लीहून निघाला आणि ब्रिगेडियर जॉन दळवींची सातवी ब्रिगेड त्या दरीत गेली. जागेचा विचार करा. समोरची उंच धार शत्रूची. मधला ओढा पायी ओलांडता येईल असा. आपण दरीच्या तळाशी, मैलोन्‌मैल पसरलेलो. मोटारवाट तवांगलाच संपते, पुढे दिवसचे दिवस पायपीट. रसद विमानातून त्सांगधरच्या उंच पठारावर टाकायची, तीही निम्मी दऱ्यांत जाणार. उन्हाळी सुती गणवेशातले जवान आणि ऑक्टोबरची थंडी. समोर धारेपलीकडे मात्र चिनी रस्ता खूप जवळपर्यंत आलेला. १० ऑक्टोबरला त्सेंगजोंगला झालेल्या चकमकीने पुढचं सारं दिसलं होतं, तरीही ब्रिगेडला ओढा सोडू दिला नाही. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि सकाळ संपायच्या आत ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. दळवी दोन दिवसांनी कैद झाले. पाच दिवसांत तवांग गेलं, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सेला आणि बोमडिला.

सैनिकाच्या शौर्यात इथे काही उणं नव्हतं. नामका चूला ज्यांनी प्राण दिले, त्यांना तिथे उभं करणारा विचार चुकलेला होता. वकिलाला मांडता येईल ती रेषा आणि शिपायाला राखता येईल ती रेषा या वेगळ्या असू शकतात. वेगळ्या असतील तर दोन्ही जपाव्या लागतात, एक वाटाघाटीच्या मेजावर आणि दुसरी डोंगरात. थोरातांनी पहिली रेषा सोडा असं कधीच म्हटलं नव्हतं. या एका गोष्टीचा आपल्याकडे वारंवार विपर्यास होतो, म्हणून ती इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

चीनने २१ नोव्हेंबरला युद्धबंदी केली आणि पूर्वेत तो रेषेच्या मागे गेला. त्यानंतर आपण काय केलं, याची चर्चा मराठीत फारच थोडी झाली आहे. आपण स्वतःच्याच जमिनीचा बफर केला. सीमेजवळ रस्ते बांधले, तर शत्रू त्यांवरूनच खाली येईल, या भीतीने कित्येक दशकं तिथे रस्ते झाले नाहीत. सीमाभाग अविकसित ठेवणं हाच उत्तम बचाव, असं धोरण वर्षानुवर्षं होतं, ही कबुली २०१३ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिली. त्या धोरणाचा अर्थ असा होता, की तवांगपलीकडच्या मोन्पा गावातल्या बाळंतिणीने पाठीवरच्या टोपलीत बसून दवाखाना गाठायचा, कारण तिचं गाव देशाची ढाल होतं. सेलाचा बोगदा सुरू व्हायला मार्च २०२४ उजाडलं.

१९९३ आणि १९९६ च्या करारांनी प्रत्यक्ष ताबारेषा हा शब्द रूढ केला, पण ती जमिनीवर कुठेच आखलेली नाही. दोन्हीकडच्या गस्ती आपापल्या समजुतीच्या टोकापर्यंत जातात आणि त्या समजुती जिथे एकमेकींवर चढतात तिथे पट्टा तयार होतो. थागलाच्या शेजारी सुमदोरोंग चूला १९८६ साली हेच झालं, तवांगजवळ यांगत्सेला २०२२ च्या डिसेंबरमध्ये तेच. नकाशावर आपण शीव दाखवतो आणि जवान मात्र सरहद्दीवर उभे असतात.

या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लडाखचं आहे. गलवाननंतर सैन्यं मागे घेताना पँगाँगच्या उत्तर काठावर, गोग्रा भागात आणि गलवानमध्ये असे पट्टे ठरवले गेले, की जिथे दोघांपैकी कुणीच गस्त घालायची नाही. त्यांना बफर झोन हेच नाव पडलं. एका काळी हा शब्द अख्ख्या तिबेटसाठी वापरला जात होता. आता त्याची रुंदी काही किलोमीटर उरली आहे आणि त्यात चांगपा धनगरांची हिवाळी कुरणं येतात. मेंढ्या कुठवर न्यायच्या, हे ते दरवर्षी थंडी सुरू होण्याआधी लष्कराच्या तळावर जाऊन विचारतात.